सर्वेक्षणाचे आकडे आणि मुलाखती चर्चा प्रकरणात एकमेकांत कशा गुंफायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सर्वेक्षण आणि मग त्यातल्याच काही जणांच्या मुलाखती, अशा क्रमाने मिश्र पद्धतीचा अभ्यास केलेल्या आणि आता चर्चा प्रकरणाशी अडलेल्या संशोधकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. ते काल्पनिक आहे आणि त्यातले आकडेही समजावण्यापुरते बनवलेले आहेत.

चर्चेच्या पहिल्या भागात आकडे आणि दुसऱ्या भागात मुलाखती मांडल्या. मार्गदर्शक म्हणतात एकत्रीकरण झालेलं नाही. नेमकं काय राहिलं?

एक सोपी तपासणी करा. मुलाखतींचा भाग पूर्ण झाकून फक्त आकड्यांची चर्चा वाचा. ती जशीच्या तशी उभी राहिली, एकही वाक्य लंगडं पडलं नाही, तर मुलाखतींनी आकड्यांना काहीच दिलेलं नाही. मग उलट करून पाहा. बहुतेक प्रबंधांत दोन्ही वेळा काहीच ढासळत नाही, कारण तिथे दोन अभ्यास एका मुखपृष्ठाखाली बांधलेले असतात.

निष्कर्षांच्या प्रकरणात दोन्ही धागे वेगळे ठेवायला काहीच हरकत नाही. क्रमाने झालेल्या अभ्यासात तेच वाचायला सोपं जातं. चर्चेत मात्र परिच्छेद पद्धतीवर बेतू नका, प्रश्नावर बेता. "सर्वेक्षणात काय आढळलं" हा चर्चेच्या परिच्छेदाचा विषय होऊ शकत नाही. "अनुभवी परिचारिका चुकांची लेखी नोंद कमी का करतात" हा होऊ शकतो, आणि त्याचं उत्तर देताना दोन्हींकडे जावंच लागतं.

ते उदाहरण काय आहे?

समजा, एका मोठ्या रुग्णालयातल्या 300 परिचारिकांचं सर्वेक्षण झालं. मुख्य प्रश्न असा होता: गेल्या बारा महिन्यांत औषध देताना झालेल्या किंवा होता होता टळलेल्या चुकीबद्दल तुम्ही एकदा तरी इन्सिडेंट फॉर्म भरलात का? पाच वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्या 110 जणींपैकी 51 जणी, म्हणजे 46 टक्के, हो म्हणाल्या. दहा वर्षांपेक्षा जास्त अनुभव असलेल्या 120 जणींपैकी 29 जणी, म्हणजे 24 टक्के, हो म्हणाल्या. उरलेल्या 70 जणी मधल्या गटातल्या, त्यांना इथे बाजूला ठेवू. दोष आपल्यावर येईल ही भीती 1 ते 5 अशा मोजपट्टीवर विचारली होती. तिची सरासरी नव्यांमध्ये 3.4 आणि अनुभवींमध्ये 3.3 निघाली. कोण जास्त करून दिवसपाळीला असतं आणि कोण रात्रपाळीला, हेही विचारलं होतं.

नंतर सर्वेक्षणातल्याच 18 जणींच्या मुलाखती झाल्या: 10 अनुभवी, 8 नव्या. अनुभवींमधल्या निम्म्या फॉर्म भरलेल्या होत्या आणि निम्म्या न भरलेल्या. ही निवड मुद्दाम केलेली होती, आणि तिचं महत्त्व पुढे येईल.

मुलाखती आकड्याला "स्पष्ट करतात" म्हणजे काय? आकड्याखाली एखादं उद्गार दिलं की झालं का?

नाही. आकडा सांगतो की अनुभवींमध्ये नोंदी कमी आहेत. त्याखाली "आता कुठे फॉर्म भरत बसायचं" असं एखादीचं वाक्य दिलं, तर तोच आकडा पुन्हा शब्दांत आला. स्पष्टीकरण म्हणजे एक यंत्रणा: कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पायऱ्यांनी, कोणत्या कारणाने हा फरक तयार होतो.

उदाहरणातल्या दहा अनुभवी परिचारिकांपैकी आठ जणींनी जवळजवळ सारखीच वाट सांगितली. चूक लक्षात आली की त्या इन्चार्ज सिस्टरना जाऊन तोंडी सांगतात, दोघी मिळून लगेच दुरुस्ती करतात आणि विषय तिथे मिटतो. नव्या मुलींना ही वाट मोकळी नाही. इन्चार्जशी तेवढी ओळख नाही, आणि "लेखी दे" असंच त्यांना सांगितलं जातं.

आता आकड्याचा अर्थच बदलतो. आपला प्रश्न "नोंद" मोजत होता असं आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो फॉर्म भरणं मोजत होता. दोन्ही गट कदाचित चुका कळवत असतील, फक्त वेगळ्या वाटेने. मुलाखतीने तुमच्या चलाची व्याख्या तपासली, हे चर्चेत उघड शब्दांत लिहा. अनेक जण हे मर्यादांमध्ये एका ओळीत उरकतात. माझ्या मते हाच त्या अभ्यासाचा मोठा निष्कर्ष असतो.

आणि आकडे मुलाखतींना कसे समजावून देतात? ही दिशा मला कधीच नीट कळली नाही.

ही दिशाच सगळ्यात जास्त राहून जाते. आकड्यांनी प्रश्न विचारला, मुलाखतींनी उत्तर दिलं, संपलं, असा समज असतो. पण मुलाखतींतून आलेल्या उत्तरालाही तपासणी लागते, आणि ती आकडे दोन तऱ्हांनी करू शकतात.

पहिली तऱ्हा म्हणजे वजन ठरवणं. अठराच्या अठरा जणी दोषाच्या भीतीबद्दल बोलल्या, आणि तळमळीने बोलल्या. फक्त मुलाखती हातात असत्या तर "अनुभवी परिचारिका भीतीमुळे नोंद करत नाहीत" असं कोणीही लिहिलं असतं. पण सर्वेक्षणात भीतीची सरासरी दोन्ही गटांत जवळपास सारखी आहे. दोन्हीकडे सारखं असलेलं कारण दोन गटांतला फरक एकट्याने घडवू शकत नाही. भीती खरी आहे आणि एकूणच नोंदी कमी असण्यात तिचा वाटा असू शकेल, मात्र 46 आणि 24 यांच्यातलं अंतर तिने समजत नाही. थोडी काळजी एवढीच की एकच मोजपट्टी दोन्ही गट एकाच अर्थाने वाचत असतील, असं इथे आपण गृहीत धरतो. ते गृहीतकही चर्चेत सांगा.

दुसरी तऱ्हा म्हणजे मुलाखतीतून निघालेल्या यंत्रणेचा परिणाम आकड्यांत शोधणं. मुलाखतींत काही अनुभवी परिचारिका सहज बोलून गेल्या की रात्री इन्चार्ज नसतात, म्हणून तेव्हा लिहूनच ठेवावं लागतं. तोंडी वाटेचं स्पष्टीकरण बरोबर असेल, तर रात्रपाळीच्या अनुभवी परिचारिकांमध्ये फॉर्म जास्त दिसायला हवेत. नव्यांना ती वाट मुळात नसल्याने त्यांच्यात पाळीने फरक पडायला नको. सर्वेक्षणात पाळी विचारलेली होतीच. पाहिल्यावर असं निघालं: अनुभवींमध्ये रात्रपाळीच्या 32 पैकी 12 जणींनी फॉर्म भरले होते, म्हणजे 38 टक्के, आणि दिवसपाळीच्या 88 पैकी 17 जणींनी, म्हणजे 19 टक्के. नव्यांमध्ये रात्री 30 पैकी 14 आणि दिवसा 80 पैकी 37, म्हणजे 47 आणि 46 टक्के.

इथे धागा आकड्यांतून मुलाखतींत गेला आणि परत आकड्यांत आला.

मुलाखती झाल्यावर सर्वेक्षणात परत शोधाशोध करणं म्हणजे हवा तो निकाल मिळेपर्यंत आकडे पिळणं नव्हे का?

होऊ शकतं, म्हणून शंका रास्त आहे. फरक कशाने पडतो ते सांगतो. आकडे पिळणारा माणूस वीस तुलना करतो आणि जमलेली एक दाखवतो. तुम्ही आकडे उघडण्याआधी, मुलाखतींच्या विश्लेषणाच्या टिपणात, तारीख घालून लिहून ठेवा: "हे स्पष्टीकरण खरं असेल तर रात्रपाळीच्या अनुभवींमध्ये नोंदी जास्त, नव्यांमध्ये फरक नाही." मग तेवढीच तुलना करा आणि निकाल काहीही आला तरी छापा. चर्चेत ही तुलना शोधात्मक होती, मूळ आराखड्यात नव्हती, असं साफ लिहा.

त्याचबरोबर आकडे किती ताण सोसतात तेही पाहा. 32 पैकी 12 या प्रमाणाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण 23 ते 55 टक्के येतो, म्हणजे बराच रुंद. त्याहून महत्त्वाचं असं की "अनुभवींमध्ये फरक दिसला आणि नव्यांमध्ये दिसला नाही" एवढ्यावरून दोन गट पाळीला वेगळा प्रतिसाद देतात हे सिद्ध होत नाही. त्यासाठी अनुभव आणि पाळी यांचा एकत्रित परिणाम, म्हणजे इंटरॅक्शन, तपासावा लागतो. या आकड्यांवर तो तपासला तर पी-व्हॅल्यू सुमारे 0.15 येते. म्हणून "रात्रपाळीचे आकडे या स्पष्टीकरणाशी सुसंगत आहेत" एवढंच लिहिता येईल. "सिद्ध झालं" हा शब्द इथे बसत नाही.

संयुक्त तक्ता काढायलाच हवा का?

छापायचा की नाही ते नियतकालिक आणि जागा बघून ठरवा. काढायचा मात्र नक्की, आणि चर्चा लिहायला घेण्याआधी. इंग्रजीत ज्याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात तोच हा तक्ता. त्याचा प्राण शेवटच्या रकान्यात असतो. डावीकडे आकडा, मध्ये मुलाखत आणि उजवीकडे रिकामं सोडलं, तर पुन्हा शेजारीशेजारी मांडणीच झाली.

| सर्वेक्षण | मुलाखती | दोन्ही मिळून काय कळतं |
|---|---|---|
| फॉर्म भरणाऱ्या: नव्या 46%, अनुभवी 24% | अनुभवी इन्चार्जना तोंडी सांगतात | चल फक्त लेखी नोंद मोजत होतं, फरक निदान काही अंशी वाटेचा असावा |
| भीती: 3.4 आणि 3.3 | सगळ्याच जणी भीतीबद्दल बोलतात | भीती सर्वत्र आहे. गटांतला फरक तिने समजत नाही |
| अनुभवी: रात्री 38%, दिवसा 19% | रात्री तोंडी सांगायला कोणी नसतं | तोंडी वाटेच्या स्पष्टीकरणाला आधार, पण कच्चा |

तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्या दोनपैकी एकाच रकान्यावरून लिहिता आलं असतं का, हे प्रत्येक ओळीला विचारा. उत्तर हो असेल तर ती ओळ अजून तयार नाही. आणि तिसऱ्या रकान्यातली वाक्यं एकाखाली एक वाचली की चर्चा प्रकरणाचा सांगाडा समोर येतो.

एक परिच्छेद प्रत्यक्ष लिहून दाखवाल का?

आधी नेहमी दिसणारा नमुना:

"सर्वेक्षणात असे आढळले की अनुभवी परिचारिकांनी कमी नोंदी केल्या. मुलाखतींतूनही याला दुजोरा मिळाला. अनेक परिचारिकांनी भीती आणि वेळेचा अभाव ही कारणे सांगितली."

"दुजोरा" कशाला मिळाला ते कळत नाही, कारण मुलाखतींत नोंदींचं प्रमाण मोजलेलंच नव्हतं. भीतीचा आकडा हातात असून वापरलेला नाही. आता तोच मजकूर गुंफून:

"अनुभवी परिचारिकांमध्ये फॉर्म भरण्याचे प्रमाण नव्यांच्या जवळपास निम्मे होते. हा फरक दोषाच्या भीतीमुळे पडला असे मुलाखती ऐकताना वाटू शकते, परंतु सर्वेक्षणात भीतीची पातळी दोन्ही गटांत सारखीच होती. मुलाखतींतून वेगळी शक्यता पुढे आली: अनुभवी परिचारिका चूक इन्चार्ज सिस्टरना तोंडी कळवतात, आणि ही वाट नव्यांना सहसा उपलब्ध नसते. तसे असेल, तर आमच्या प्रश्नाने अनुभवींच्या कळवण्याचा एक भाग मोजलाच नाही. इन्चार्ज नसलेल्या रात्रपाळीत अनुभवींच्या लेखी नोंदी अधिक दिसल्या, हे या शक्यतेशी सुसंगत आहे. मात्र ही तुलना नंतर केलेली असून त्यातील संख्या लहान आहेत. अनुभवींकडून मुळात चुकाच कमी होत असतील, ही शक्यता आमच्या माहितीवरून वगळता येत नाही."

या परिच्छेदातलं एक वाक्य काढलं तरी पुढचं अडखळतं. शेवटचं वाक्य परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही लिहिलेलं असणं फार मोलाचं आहे. "परंतु", "तसे असेल तर", "मात्र" हे जोडशब्दही पाहा. तर्काचा भार तेच वाहतात. चर्चेत नुसते "तसेच" आणि "याशिवाय" दिसत असतील, तर तुम्ही जोडण्याऐवजी रचत चालला आहात.

आकडे आणि मुलाखती एकमेकांच्या विरुद्ध गेले तर कुणाचं खरं मानायचं?

लगेच कुणाचंच नाही. यावर एक खरा अभ्यास मी नेहमी वाचायला सांगतो. इंग्लंडच्या ईशान्य भागात साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या 126 लोकांवर एक प्रायोगिक चाचणी झाली. सरकारी लाभ मिळवण्याबाबत सल्ला दिल्याने आरोग्यावर आणि सामाजिक बाबींवर काय परिणाम होतो, हे संशोधकांना पाहायचं होतं. आकड्यांत फारसा फरक दिसला नाही. त्यांच्यापैकीच 25 जणांच्या मुलाखतींत मात्र लोक सांगत होते की या सल्ल्याने आयुष्यात पुष्कळ फरक पडला. मॉफॅट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हा विसंवाद झाकला नाही, त्यावरच लेख लिहिला. दोन्ही पद्धती मुळात काय पाहतात, प्रत्येक भाग किती काटेकोर होता, दोन्हींतले लोक तुलना करण्यासारखे होते का, आणखी माहिती घेऊन काय दिसतं, सल्ला प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे पोचला का, आणि दोन्ही भाग एकाच परिणामाबद्दल बोलत होते का, अशा सहा बाजूंनी त्यांनी तो तपासला.

तुमच्या अभ्यासात मी शेवटची बाजू आधी बघायला सांगेन. मुलाखतीत माणूस "बरं वाटतं" म्हणतो तेव्हा तो काळजी कमी झाल्याबद्दल बोलत असतो, आणि प्रश्नावली जिना चढताना दम लागतो का ते विचारत असते. असे बरेच विरोध तपासताच विरघळतात. जे उरतात ते तसेच लिहा, आणि कोणती माहिती मिळाली असती तर निवाडा झाला असता तेही सांगा.

एक करू नका: अडचणीचा धागा "मर्यादा" या मथळ्याखाली ढकलून सोयीचा तेवढा चर्चेत ठेवणं. परीक्षकाच्या ते ध्यानात येतं.

आणि दोन्ही छान जुळले तर? मग काहीच लिहायचं नाही?

जुळणं स्वस्तात मिळालं आहे का ते पाहा. मुलाखतीचे प्रश्न सर्वेक्षणाच्या निकालावरूनच बनवले असतील, तर सहभागींनी तेच सांगणं फार मोठा पुरावा नाही. एखाद्या विषयावर समोरच्याला आवडेल तेच बोलण्याची प्रवृत्ती असेल, तर ती दोन्हीकडे एकाच दिशेने ओढते. जुळण्यामागे दोन वेगळे पुरावे नसून एकच चूक दोनदा असू शकते. हे तपासून झालं की एक-दोन वाक्यं पुरतात. चर्चेची जागा न जुळणाऱ्या आणि अर्धवट जुळणाऱ्या गोष्टींना द्या.

मुलाखतींतले आकडे द्यावेत का? "दहापैकी आठ जणी" वगैरे?

वाचकाला अंदाज यावा म्हणून द्यायला हरकत नाही, टक्केवारी मात्र देऊ नका. "80 टक्के अनुभवी परिचारिका तोंडी सांगतात" असं लिहिलं की ते सर्वेक्षणाच्या 24 टक्क्यांशेजारी बसतं आणि दोन्ही एकाच जातीचे आकडे वाटू लागतात. ते दहा जण यादृच्छिक निवडलेले नाहीत. आपण मुद्दाम निम्म्या फॉर्म भरलेल्या घेतल्या होत्या, तर लोकसंख्येत त्या चौथा हिस्सा आहेत. शिवाय मुलाखतीत एखादी गोष्ट न बोलणं म्हणजे "नाही" म्हणणं नव्हे. ती कदाचित विचारलीच गेली नसेल.

चर्चेत मुलाखतींतले उद्गार द्यावेत का?

शक्यतो ते निष्कर्षांतच ठेवा. चर्चेत पुन्हा द्यायचं असेल तर एखादंच, आणि ज्याच्या शब्दांवरच तुमचा तर्क उभा आहे असं.

माझ्या मुलाखती सर्वेक्षणातल्या लोकांच्या नव्हत्याच. मग गुंफण शक्य आहे का?

शक्य आहे, पण दावा एक पायरी खाली येतो. त्याच व्यक्ती असल्या, आणि संमती घेऊन सर्वेक्षणाचा सांकेतिक क्रमांक मुलाखतीला जोडलेला असला, तर व्यक्तीच्या पातळीवर पडताळता येतं: फॉर्म न भरलेल्या पाचही जणी तोंडी वाटेबद्दल बोलल्या का? भरलेल्यांपैकी कोण बोललं, आणि त्या रात्रपाळीच्या होत्या का? एखादी दिवसपाळीची अनुभवी परिचारिका तोंडीही सांगते आणि फॉर्मही भरते असं निघालं, तर तुमच्या स्पष्टीकरणात अजून काहीतरी कमी आहे, आणि चर्चेत तिला एक परिच्छेद मिळायला हवा.

वेगळे लोक असतील तर ही पडताळणी होत नाही. तेव्हा "अशाच परिस्थितीतल्या परिचारिकांनी सांगितलेल्या अनुभवावरून या फरकाचं एक संभाव्य कारण दिसतं" एवढ्यावर थांबा. दोन्ही गट कोणत्या बाबतीत सारखे होते, विभाग, पाळी, अनुभव, तेही लगेच द्या. दोन टप्प्यांच्या मध्ये किती काळ गेला तेही सांगा. मधल्या काळात नवा फॉर्म आला असेल किंवा इन्चार्ज बदलल्या असतील, तर मुलाखत ज्या परिस्थितीबद्दल बोलते ती सर्वेक्षणाच्या वेळची नाही.

एकत्र निष्कर्षाच्या मर्यादा वेगळ्या लिहाव्या लागतात का?

हो, आणि बहुतेक जण त्या विसरतात. सर्वेक्षणाला किती जणींनी प्रतिसाद दिला आणि मुलाखती किती झाल्या, या प्रत्येक धाग्याच्या मर्यादा झाल्या. जोडाची मर्यादा वेगळी असते. उदाहरणात ती अशी: तोंडी कळवणं सर्वेक्षणात विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते किती प्रमाणात घडतं हे माहीत नाही. रात्रपाळी ही इन्चार्ज नसण्याची केवळ एक खूण आहे. रात्री कर्मचारी कमी असतात, थकवा असतो, चुकांचं स्वरूपही वेगळं असू शकतं. रात्री चुकाच जास्त होतात म्हणून फॉर्म जास्त, असं कोणी म्हणालं तर नव्यांमध्ये तसा फरक नाही हे उत्तर आपल्याकडे आहे, पण वर पाहिलं तसं ते फार बळकट नाही. पुढच्या सर्वेक्षणात "गेल्या बारा महिन्यांत चूक फक्त तोंडी कळवून तिथेच मिटवली, असं किती वेळा झालं?" हा एक प्रश्न घातला, तर यातला बराच भाग थेट तपासता येईल.